खप स्थिर, मागणी अस्थिर : पुरवठ्याच्या साखळीतील आसूड-परिणाम

खप आणि मागणी हे दोन शब्द व्यवहारात आपण बहुधा एकाच अर्थाने योजतो. परंतु प्रस्तुत विषय समजून घ्यावयाचा तर त्यांत भेद करणे अवश्य आहे. गिऱ्हाइकाने दुकानातून पैसे मोजून जे नेले तो खप. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्यास, घाऊक व्यापाऱ्याने कारखानदारास आणि कारखानदाराने कच्चा माल पुरविणाऱ्यास जे लिहून कळविले ती मागणी. वरवर पाहता खपाइतकीच मागणी असावी असे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ वेळा असे आढळते की, खप जवळजवळ स्थिर असतो, दुकानदाराच्या मागणीत थोडे चढउतार असतात, घाऊक व्यापाऱ्याच्या मागणीत ते वाढतात, आणि कारखान्याच्या दारी पोहोचेपर्यंत त्यांस लाटांचे स्वरूप येते. आसूड ओढताना मनगटास किंचित झटका दिला तरी टोकाची वादी मोठा फेर घेऊन कडाडते, त्यातलाच हा प्रकार होय. म्हणूनच इंग्रजीत त्यास 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. आपण त्यास आसूड-परिणाम म्हणू.

हे नाव अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गँबल या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी रूढ केले. त्यांची कंपनी 'पॅम्पर्स' नावाचे तान्ह्या मुलांचे लंगोट तयार करते. तान्ही मुले काही हंगाम पाहून किंवा भाव पाहून लंगोट वापरीत नाहीत. त्यांचा खप आठवड्यामागून आठवडा सारखाच असावयाचा. दुकानांतील विक्रीचे आकडे पाहता तो तसा होताही. तथापि वितरकांकडून कंपनीकडे येणाऱ्या मागण्या पुष्कळच कमीजास्त होत, आणि कंपनी स्वतः कच्च्या मालाच्या ज्या मागण्या पुढे पाठवी त्या तर त्याहूनही अस्थिर होत्या. गिऱ्हाईक स्थिर असता अस्थिरता आली कोठून? ती साखळीतच निपजली, एवढेच उत्तर शिल्लक राहते.

ती कशी निपजते हे हिशेब मांडून पाहिल्यावाचून पटत नाही, म्हणून एक सोपे उदाहरण घेऊ. एक दुकानदार आहे, त्यामागे एक घाऊक व्यापारी आणि त्यामागे एक कारखाना. तिघांचा नियम एकच, आणि तोही अगदी शहाणपणाचा : चालू आठवड्यात जितकी मागणी आली तिच्या दुप्पट माल आठवड्याच्या अखेरीस कोठारात शिल्लक असावा. आजवर गिऱ्हाइके दर आठवड्यास १०० पेट्या नेत आली आहेत. त्यामुळे प्रत्येकाजवळ २०० पेट्या शिल्लक आहेत आणि प्रत्येक जण १०० पेट्याच मागवीत आहे. माल मागविला की लगेच येतो असेही तूर्त समजू.

आता पहिल्या आठवड्यात खप १०० वरून ११० झाला आणि तेथेच कायम राहिला. दुकानदाराजवळ २०० होत्या, ११० विकल्या, ९० उरल्या. नव्या हिशेबाने त्यास २२० शिल्लक हवी. म्हणून तो १३० मागवितो. घाऊक व्यापाऱ्यास गिऱ्हाईक दिसत नाही, त्यास १३० चे मागणीपत्र दिसते. त्याच्या २०० मधून १३० गेल्या, ७० उरल्या, आणि १३० ची दुप्पट २६० त्यास हवी. तो १९० मागवितो. कारखान्यास १९० ची मागणी दिसते. त्याचे १० उरले, ३८० हवेत, म्हणून तो ३७० पेट्यांचा कच्चा माल मागवितो. खप वाढला शेकडा १०. दुकानदाराची मागणी शेकडा ३०, घाऊक व्यापाऱ्याची शेकडा ९० आणि कारखान्याची शेकडा २७० वाढली.

दुसऱ्या आठवड्यात खप ११० च आहे. दुकानदार ११० मागवितो. घाऊक व्यापाऱ्यास मात्र मागणी १३० वरून ११० वर 'घसरलेली' दिसते. त्याच्या २६० मधून ११० गेल्या, १५० राहिल्या, आता त्यास २२० पुरेत, म्हणून तो ७० च मागवितो. कारखान्याने ३८० साठवून ठेवलेल्या. त्यांतून ७० गेल्या, ३१० राहिल्या, आणि हव्यात केवळ १४०. तो काहीच मागवीत नाही. पुढील आठवडे याच रीतीने मोजले असता पुढील कोष्टक तयार होते.

| आठवडा | खप | दुकानदाराची मागणी | घाऊक व्यापाऱ्याची मागणी | कारखान्याची मागणी |
|---|---|---|---|---|
| १ | ११० | १३० | १९० | ३७० |
| २ | ११० | ११० | ७० | ० |
| ३ | ११० | ११० | ११० | २० |
| ४ | ११० | ११० | ११० | ११० |

वाचकांनी शेवटच्या रकान्याची बेरीज करावी. ती ५०० येते. चार आठवड्यांचा खप ४४० आहे. उरलेल्या ६० पेट्या म्हणजे तिघांनी आपापल्या कोठारात वाढविलेल्या वीस-वीस पेट्या होत. म्हणजे एकंदर मालात काहीच गफलत नाही. कोणी लोभ केला नाही, कोणाचा हिशेब चुकला नाही. फक्त ५०० पेट्यांची मागणी ३७०, शून्य, २०, ११० अशा विचित्र क्रमाने पुढे गेली. कच्चा माल पुरविणाऱ्या गिरणीने त्या ३७० च्या आकड्यावर भरवसा ठेवून जादा मजूर लावले असते, तर दुसऱ्याच आठवड्यात त्यांस घरी बसवावे लागले असते.

हा गुणाकार तिप्पट-तिप्पट का झाला? कारण दोन आठवड्यांची शिल्लक ठेवणारा मनुष्य मागणीतील प्रत्येक फरक एकदा आजची गरज म्हणून आणि दोनदा शिल्लक म्हणून, असा तीन वेळा पुढे पाठवितो. शिल्लक चार आठवड्यांची ठेवावयाची असती तर तोच फरक पाच वेळा गेला असता, आणि पहिल्या आठवड्यातील मागण्या १५०, ३५० व १,३५० अशा झाल्या असत्या. मनुष्य जास्त दिवसांची शिल्लक का ठेवतो, तर माल येण्यास जास्त दिवस लागतात म्हणून. यावरून माल पोहोचण्याची मुदत हीच या रोगाची वाढ करणारी मुख्य गोष्ट आहे हे ध्यानात येईल. मुदत लांब असली की आणखी एक अनर्थ होतो. मागविलेला माल वाटेत असतो. तो डोळ्यांसमोर नसल्यामुळे मागविणारा त्यास हिशेबात धरण्यास विसरतो आणि पुन्हा मागवितो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत विद्यार्थ्यांकडून 'बिअरचा खेळ' म्हणून एक खेळ पूर्वीपासून खेळविला जातो. त्यात दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक व कारखाना अशा चार भूमिका असून गिऱ्हाइकाची मागणी केवळ एकदा वाढते व मग स्थिर राहते. तरीही खेळणारे प्रथम टंचाईत आणि मग मालाच्या ढिगात सापडतात. जॉन स्टरमन यांनी १९८९ साली या खेळाचे परीक्षण प्रसिद्ध केले. वाटेतील माल विसरणे हे त्यांस जे मुख्य कारण आढळले, ते खेळणाऱ्यांच्या मात्र ध्यानी आले नव्हते. पुष्कळांनी दोष गिऱ्हाइकास दिला.

त्याच संस्थेतील जे फॉरेस्टर यांनी या विषयाचा पाया घातला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या केंटकी येथील घरगुती उपकरणांच्या कारखान्यात कधी तीन पाळ्या चालत आणि काही वर्षांनी निम्मे कामगार कमी करावे लागत. व्यापारातील तेजी-मंदी हे कारण सांगितले जाई, परंतु त्याने फॉरेस्टर यांचे समाधान होईना. त्यांनी कागदावर आठवड्यावार हिशेब मांडला, तेव्हा गिऱ्हाइकांची मागणी स्थिर धरूनही, केवळ मागविण्याच्या पद्धतीमुळे, कारखान्यातील काम हेलकावे खाऊ शकते असे दिसून आले. १९५८ साली त्यांनी हे मत एका लेखात मांडले व १९६१ साली ग्रंथरूपाने सविस्तर सांगितले.

आता एक खरी हकीकत पाहू. ती गव्हाची असल्यामुळे आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. इटलीतील पार्मा या गावी १८७७ साली पिएत्रो बारिल्ला नावाच्या गृहस्थाने पाव व पास्ता यांचे दुकान काढले. पास्ता म्हणजे आपल्याकडील बन्सी गव्हाच्या जातीच्या, कठीण दाण्याच्या डुरम गव्हाच्या रव्यापासून केलेली नाना आकारांची शेवई. पुढे हीच बारिल्ला कंपनी जगातील सर्वांत मोठी पास्ता करणारी कंपनी झाली. इटलीत पास्ता हे रोजचे अन्न. त्याच्या खपात दिवसागणिक मोठे फेरफार व्हावयाचे काही कारण नाही. असे असता या कंपनीच्या वखारीकडे वितरकांकडून येणाऱ्या मागण्यांत विलक्षण चढउतार असत. हार्वर्ड येथील प्राध्यापिका जॅनिस हॅमंड यांनी १९९४ साली लिहिलेल्या वृत्तांतामुळे ही हकीकत व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून सर्वत्र शिकविली जाऊ लागली. त्यात उत्तर इटलीतील एका वितरकाच्या १९८९ मधील साप्ताहिक मागण्या दिल्या आहेत. त्यांची सरासरी सुमारे ३०० क्विंटल आहे. पण त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून होणाऱ्या सर्वसाधारण फरकाचे माप, सुमारे २२७ क्विंटल आहे. सरासरीच्या तीन-चतुर्थांश एवढा फरक नित्याचा असेल तर पुढील आठवड्यात काय मागविले जाईल हे कोणी सांगू शकणार नाही. त्याच वितरकाकडून दुकानांस जाणारा माल मात्र पुष्कळच समप्रमाणात जात असे.

याची झळ कारखान्यास कशी लागते, हे पास्ता करण्याची रीत माहीत असल्यावाचून कळावयाचे नाही. रव्याची कणीक दाबाखाली साच्यातून काढतात, कापतात आणि मग ती ओली शेवई लांबलचक भट्टीतून हळूहळू पुढे सरकवीत वाळवितात. भट्टीतील उष्णता व हवेतील ओलावा यांचे प्रमाण प्रत्येक आकारास निराळे लागते, आणि ते काटेकोर राखावे लागते, नाहीतर मालास तडे जातात. एका आकारावरून अगदी भिन्न आकारावर एकदम जावयाचे म्हटले तर भट्टीचे मान मोठ्या प्रमाणात बदलावे लागते. म्हणून कारखान्यात आकारांचा क्रम असा लावलेला असतो की, लगतच्या दोन आकारांत उष्णतेचा व ओलाव्याचा फरक कमीत कमी असावा. अशा ठरलेल्या क्रमात एखाद्या आकाराची अकस्मात मोठी मागणी आली म्हणून मध्येच ती घुसविता येत नाही. त्यामुळे दोनच मार्ग उरतात : सर्व आकारांचा भरपूर साठा बाळगणे, अथवा वितरकास थांबविणे. वितरकास माल मिळण्यास आठ ते चौदा दिवस लागत. मुदत लांब म्हणून वितरक साठा जास्त ठेवी आणि मागणी मोठी करी. मागणी मोठी व अकल्पित म्हणून कारखान्यास मुदत लांबवावी लागे. गंमत अशी की, वितरकाच्या कोठारात सरासरी दोन आठवड्यांचा माल असूनही दुकानदारास हवा तो आकार ऐन वेळी पुष्कळदा मिळत नसे.

हे चढउतार बारिल्लाने स्वतःच्या हातांनीही वाढविले होते. वर्षाचे दहा-बारा भाग पाडून प्रत्येक चार-पाच आठवड्यांच्या भागात काही ठराविक मालावर सूट जाहीर होई, आणि त्या मुदतीत वितरकाने हवा तितका माल सवलतीच्या भावाने घ्यावा अशी मुभा असे. टिकाऊ माल स्वस्त मिळतो म्हटल्यावर कोणता व्यापारी तो भरून ठेवणार नाही? मुदतीत तो पाच आठवड्यांचा माल घेई आणि मुदत संपताच गप्प बसे. शिवाय पूर्ण मालमोटार भरून मागविल्यास शेकडा दोन-तीन टक्के सूट निराळी. विक्रीप्रतिनिधी आणखी पुढे जात. अंड्याच्या पास्त्याच्या तीन मालमोटारी उचलल्यास प्रत्येक पेटीमागे १,००० लिरा, म्हणजे सुमारे शेकडा चार, कमी करण्याची लालूच दाखविता येई. प्रतिनिधीचे इनाम त्या मुदतीत वितरकाने किती माल घेतला यावर असे, दुकानातून किती खपला यावर नसे. तेव्हा ज्या गोष्टीचे इनाम त्यास मिळत होते तीच त्याने केली.

ही रचना पाहून असे म्हणावेसे वाटते की, यात मनुष्यस्वभावावर टीका करण्यासारखे फारसे काही नाही. सूट मिळवून देणारा खरेदीदार आपल्या मालकाच्या हिताचेच करतो. सुटीने विक्रीचा आकडा वाढल्यासारखा दिसतो, परंतु तो पुढील महिन्यांतील विक्रीतून उसना घेतलेला असतो. आणि त्या उसनवारीचे व्याज म्हणजे वखारीचे भाडे, जादा पाळी, परत येणारा माल आणि ऐन वेळची टंचाई.

यावर बारिल्लाच्या माल-पुरवठा खात्याचे प्रमुख ब्रांदो विताली यांनी १९८०-नंतरच्या दशकाच्या अखेरीस एक उपाय सुचविला, आणि त्यांच्या मागून आलेल्या जॉर्जो माज्जाली यांनी तो नेटाने अमलात आणला. उपाय सांगण्यास सोपा आहे. वितरकाने मागणीपत्र लिहूच नये. त्याने रोज एवढेच कळवावे की, काल कोणता माल किती गेला, आज शिल्लक किती आहे, काय संपले आणि पुढे एखादी खास विक्री ठरली आहे काय. कोठे काय व किती पाठवावयाचे हे त्यावरून बारिल्लाने ठरवावे. म्हणजे मागणी नाहीशी करून तिच्या जागी खपाचा आकडा बसवावा.

याचा परिणाम आपल्या उदाहरणातच पाहता येतो. कोष्टकातील तिघांनी शिल्लक दुप्पटच ठेवावी, परंतु ती दुकानातील खपाच्या दुप्पट, आलेल्या मागणीपत्राच्या नव्हे. पहिल्या आठवड्यात दुकानदार १३० मागवितो. घाऊक व्यापाऱ्याजवळ ७० उरल्या, त्यास २२० हव्यात. तो १५० मागवितो. कारखान्याजवळ ५० उरल्या, त्यासही २२० हव्यात. तो १७० मागवितो. दुसऱ्या आठवड्यापासून सर्वांच्या मागण्या ११० वर येतात. कारखान्याची चार आठवड्यांची बेरीज पुन्हा ५०० च आहे. पण क्रम ३७०, शून्य, २०, ११० असा नसून १७०, ११०, ११०, ११० असा आहे. पूर्वी फरक प्रत्येक पायरीस तिपटीने वाढत होता; आता तो प्रत्येक पायरीस केवळ वीसने वाढतो. गुणाकाराची बेरीज झाली. तथापि तो शून्य झाला नाही हेही ध्यानात ठेवावे. खप खरोखरच वाढला असता प्रत्येकास आपली शिल्लक वाढवावी लागणारच. माहिती कितीही उघड केली तरी तेवढा भाग राहतो.

दुसरा एक उपाय याच उदाहरणात तपासण्यासारखा आहे. नवीन आकडा पाहताच त्यावर पूर्ण विश्वास न ठेवता, फरकाचा केवळ पाचवा हिस्सा आपल्या अंदाजात घ्यावयाचा. दुकानदाराचा अंदाज १०० वरून ११० न होता १०२ होतो, आणि पहिल्या आठवड्यातील मागण्या ११४, सुमारे १२० व सुमारे १२७ होतात. लाट पुष्कळच मावळली. परंतु खप खरोखर वाढला असेल तर शिल्लक भरून येण्यास अनेक आठवडे लागतात आणि त्या काळात कोठार रोडावलेले राहते. म्हणून आकडा अर्धवट मानण्यापेक्षा खरा आकडा मिळविणे अधिक चांगले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो मिळत नसेल तेथे मात्र सावकाश हलणारा अंदाज हाच आधार होय.

बारिल्लाची योजना कागदावर इतकी निर्विवाद असूनही ती चालू होण्यास काही वर्षे लागली. वितरकांचे म्हणणे, कोठार सांभाळणे हा आमचा धंदा. तुम्ही आमच्या वह्या पाहण्याचे कारण नाही. उद्या तुम्हांस माल ठेवण्यास जागा नसली की तो आमच्याच दारात आणून टाकाल. ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. त्याहून मोठा विरोध घरातला निघाला. विक्रीखात्याचे म्हणणे असे की, मागणी मिळविण्याचे कामच राहिले नाही तर प्रतिनिधी हवेत कशास. वितरकाच्या कोठारात आमचा माल कमी झाला की ती जागा प्रतिस्पर्धी भरील. आणि संप झाला किंवा रस्ते बंद पडले तर कमी साठ्यामुळे दुकाने रिकामी राहतील. तेव्हा माज्जाली यांनी आधी परक्यांस समजाविण्याचा नाद सोडून फ्लॉरेन्स येथील कंपनीच्याच वखारीत प्रयोग केला. तेथील साठा १०·१ दिवसांवरून ३·६ दिवसांवर आला आणि दुकानांच्या मागण्या पुऱ्या करण्याचे प्रमाण शेकडा ९८·८ वरून ९९·८ झाले. साठा कमी झाला की टंचाई वाढावी अशी सामान्य समजूत असते. येथे दोन्ही एकदम कमी झाली, कारण पूर्वीचा साठा मोठा असला तरी तो नको त्या आकारांचा होता. हे आकडे हाती आल्यानंतर बाहेरच्या वितरकांपैकी एकाने योजना स्वीकारली. त्याच्याकडे पूर्वी शेकडा दोन ते पाच जिनसा, आणि कधी कधी दहाच्याही वर, संपलेल्या असत. योजनेनंतर हे प्रमाण शेकडा एकाच्या आत आले, आणि साठाही जवळजवळ निम्मा झाला.

आतापर्यंत मागणीपत्रावरून अंदाज बांधणे, माल गाडीभर एकदम मागविणे आणि सुटीमुळे खरेदी पुढेमागे होणे ही तीन कारणे आली. हाउ ली, पद्मनाभन आणि सेउंगजिन व्हांग या तिघांनी १९९७ साली या विषयाची जी मांडणी केली तिच्यात चौथे कारण टंचाईचे आहे, आणि शेतकऱ्यांस ते सांगण्याची फारशी जरुरी नाही. खत कमी येणार आणि ते मागणीच्या प्रमाणात वाटले जाणार अशी वार्ता आली, की दहा पोती हवी असणारा वीस लिहून देतो, आणि दोन ठिकाणी नाव नोंदवितो. वरच्या कचेरीस मागणी दुप्पट झालेली दिसते. पुरवठा सुरळीत होताच त्यातील निम्मी मागणी हवेत विरते. सिस्को या संगणक-जाळ्यांची यंत्रे करणाऱ्या अमेरिकन कंपनीस अशा दुहेरी मागण्यांचा मोठा फटका बसला. २००१ साली मंदी येताच मागण्या रद्द झाल्या आणि सुमारे सव्वादोन अब्ज डॉलर किमतीचा साठा तिला हिशेबातून खर्ची टाकावा लागला. उपाय हा की, टंचाईत वाटप करताना आजची मागणी पाहू नये, मागील काळातील खरी उचल पाहावी. आणि मागणी फुकटात रद्द करण्याची मुभा ठेवू नये. सुटीच्या बाबतीत उपाय उघड आहे : अधूनमधून मोठी सूट देण्यापेक्षा बारमाही बेताचा भाव. प्रॉक्टर अँड गँबल कंपनीने १९९०-नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाच मार्ग धरला. गाडीभराच्या अडचणीवर, एकाच जिनसाची गाडी न भरता अनेक जिनसा मिळून गाडी भरल्यास तीच सूट द्यावी, म्हणजे प्रत्येक जिनसाची मागणी लहान व वारंवार होऊ शकते.

आपल्या साखळीत हा परिणाम आहे किंवा नाही हे कसे ओळखावे? एकाच जिनसाचे, एकाच मापात, सव्वीस किंवा बावन्न आठवड्यांचे दोन रकाने लिहावेत : आपल्याकडे आलेली मागणी आणि आपण पुढे पाठविलेली मागणी. दोन्हींचे प्रमाण विचलन काढून त्यांचा वर्ग करावा, आणि दुसऱ्यास पहिल्याने भागावे. भागाकार एकाहून मोठा आला तर चढउतार आपल्या पायरीवर वाढतात. एकाहून लहान आला तर आपण ते शमवितो. येथे दोन चुका वारंवार होतात. एक, आठवड्याऐवजी महिन्याचे किंवा एका जिनसाऐवजी सर्व मालाचे एकत्र आकडे घेतले जातात. चढ आणि उतार परस्परांस खाऊन टाकतात आणि रोग असून दिसत नाही. दुसरी, हंगामी चढउतार आणि आसूड-परिणाम यांची गल्लत होते. दिवाळीत रव्याची मागणी वाढते ती खपच वाढल्यामुळे. त्याचप्रमाणे कांद्याचा भाव चढला म्हणून लागवड वाढते आणि पुढील साली भाव कोसळतो, तो प्रकारही हा नव्हे; तेथे भाव पाहून पेरणी केली जाते व पीक येईपर्यंतचा काळ मध्ये जातो. येथे भाव स्थिर असूनही केवळ मागणीपत्रांच्या प्रवासाने लाट उठते.

शिवाय ही लाट सर्वत्र असतेच असेही नाही. जेरार्ड काशों आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील निरनिराळ्या उद्योगांचे मासिक आकडे तपासून २००७ साली असे दाखविले की, घाऊक व्यापारात ती स्पष्ट दिसते, परंतु किरकोळ व्यापारात व कारखानदारीत सामान्यतः दिसत नाही. ज्या धंद्यांत हंगाम तीव्र असतो तेथे कारखानदार आगाऊ माल करून ठेवून उत्पादन उलट सपाट करतात. हे आकडे संपूर्ण उद्योगाचे आणि महिन्याचे असल्यामुळे, वर सांगितल्याप्रमाणे, एकेका कंपनीतील साप्ताहिक लाटा त्यांत काही अंशी बुजल्या असणे शक्य आहे. म्हणून दुसऱ्याच्या धंद्यातील निष्कर्ष आपल्यास लावण्यापूर्वी वरील दोन रकाने स्वतःच्या वहीतून भरून पाहावेत.